‘ओव्हीडी सादर करावे’ म्हणजे नेमकं काय घेऊन जायचं?

इंदूरमधल्या मराठी घरांत सध्या एका प्रकारचं पत्र वरचेवर येतं. कधी बँकेचं, कधी घरकर्ज देणाऱ्या कंपनीचं, कधी जिथे मुदत ठेव ठेवली आहे त्या वित्तसंस्थेचं. वर इंग्रजी, खाली हिंदी, आणि मजकूर थोड्याफार फरकाने तोच. मराठीत आणला तर असा होतो:

“आपले केवायसी अद्ययावत करणे प्रलंबित आहे. ग्राहकाने अद्ययावत पत्ता असलेल्या वैध ओव्हीडीची स्वसाक्षांकित प्रत, पॅन अथवा फॉर्म ६० व अलीकडील छायाचित्र शाखेत सादर करावे. ओव्हीडीवर अद्ययावत पत्ता नसल्यास डीम्ड ओव्हीडी ग्राह्य धरले जाईल. अनुपालन न केल्यास खात्यावर निर्बंध येऊ शकतात.”

हे वाचून माणूस धास्तावतो आणि घरातली सगळी कागदपत्रं पिशवीत भरून शाखा गाठतो. केवायसीचं टेबल सांभाळताना मी अशा पिशव्या खूप पाहिल्या. रेशनकार्ड, समग्र आयडीची प्रिंट, गॅसचं पुस्तक, जुनं पासबुक, मुलाच्या नावाचं लाइट बिल. सगळं असतं, फक्त हवा तो कागद नसतो. यात त्या माणसाची काहीच चूक नाही, कारण हवा तो कागद कोणता हे पत्राने सांगितलेलंच नसतं. म्हणून हे पत्र आधी उकलू, आणि मग ते कसं लिहायला हवं ते पाहू.

पत्रात न विचारलेला पहिला प्रश्न

पत्र सगळ्यांना एकाच सुरात “कागद आणा” म्हणतं. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमांत तसं नाही. तिथे सुरुवात एका प्रश्नापासून होते: मागच्या वेळी दिलेल्या माहितीत काही बदललंय का?

काहीच बदललं नसेल, तर “माझ्या माहितीत बदल नाही” एवढं स्वतःचं निवेदन पुरतं. ते नोंदवलेल्या मोबाइलवरून, ईमेलवरून, एटीएममधून, अॅपमधून किंवा साध्या पत्रानेही देता येतं. त्यासाठी रांगेत उभं राहायची गरज नाही.

फक्त पत्ता बदलला असेल, तरीही नवीन पत्त्याचं निवेदन देता येतं. पुढे तो पत्ता खरा आहे की नाही हे संस्थेनेच दोन महिन्यांच्या आत तपासायचं असतं. त्यासाठी ती त्या पत्त्यावर पत्र पाठवते किंवा माणूस पाठवते. पत्त्याचा कागद मागायचा अधिकार संस्थेला आहे, पण तो तिच्या मर्जीचा भाग आहे. काही शाखा मागतात, काही मागत नाहीत.

नाव बदललं असेल, पूर्वी दिलेल्या कागदाची मुदत संपली असेल, किंवा खातं इतकं जुनं असेल की तेव्हाचे कागद आजच्या नियमांत बसत नाहीत, तर मात्र नव्या ग्राहकासारखे पूर्ण कागद द्यावे लागतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी ओळखीवर उघडलेली खाती बहुधा यात सापडतात. आपलं खातं यात येतं का हे घरबसल्या कळत नाही, ते संस्थेच्या रेकॉर्डवरच दिसतं. म्हणूनच पत्रात ते लिहिलेलं हवं. संस्थेला ते माहीत असतं, तरी ती लिहीत नाही, आणि माझ्या मते या पत्राचा सगळ्यात मोठा दोष हाच आहे.

दुसरी उणीव तारखेची. “प्रलंबित आहे”, पण कधीपासून आणि कधीपर्यंत? कमी जोखमीच्या ग्राहकाचं केवायसी निदान दहा वर्षांतून एकदा, मध्यम जोखमीच्या ग्राहकाचं आठ वर्षांतून एकदा आणि जास्त जोखमीच्या ग्राहकाचं दोन वर्षांतून एकदा नवं करायचं असतं. आपण यातल्या कोणत्या गटात आहोत हे संस्था सांगत नाही, कारण ते गुप्त ठेवायचा नियमच आहे. त्यामुळे काउंटरवरच्या माणसाशी त्यावरून वाद घालू नये, त्याला सांगताच येत नाही. पण शेवटची तारीख सांगायला कुणाची बंदी नाही, आणि ग्राहकाला हवी असते ती तारीखच. रिझर्व्ह बँकेने १२ जून २०२५ रोजी नियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार कमी जोखमीच्या व्यक्तींचे व्यवहार मुदत उलटल्याबरोबर अडवायचे नाहीत. त्यांना मुदतीनंतर एक वर्ष, किंवा ३० जून २०२६, यांपैकी जी तारीख नंतर येईल तोपर्यंत सवड आहे. तेव्हा पत्र हातात पडलं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी खातं बंद होत नाही.

ओव्हीडी आणि त्याचा चुलतभाऊ

ओव्हीडी म्हणजे ओळख आणि पत्ता या दोन्हींसाठी सरकारने ठरवून दिलेला कागद. असे सहाच आहेत: पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार ओळखपत्र, आधार, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेलं मनरेगाचं जॉबकार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं नाव-पत्ता असलेलं पत्र. शहरातल्या माणसाजवळ यांतले पहिले चारच असतात. चारांपैकी कोणताही एक चालतो. पत्रात “वैध ओव्हीडी” लिहिलंय म्हणून चारही न्यायची जरुरी नाही.

पॅन या यादीत नाही, कारण त्यावर पत्ताच नसतो. ते वेगळ्या कारणासाठी, म्हणजे कराच्या नोंदीसाठी लागतं. ज्याच्याकडे पॅन नाही त्याने फॉर्म ६० भरायचा, आणि तो शाखेतच मिळतो. पत्रात “पॅन अथवा फॉर्म ६०” असं एका दमात लिहिलं की लोकांना दोन्ही हवेत असं वाटतं. पॅन असेल तर फॉर्म ६० विसरून जावा.

रेशनकार्डही यादीत नाही. आपल्या मध्य प्रदेशात ज्याच्याशिवाय कुठल्याही सरकारी योजनेचं पान हलत नाही, तो समग्र आयडीही नाही. इथे आणखी एक घोटाळा होतो. समग्र पोर्टलवर आधार जोडण्याच्या कामालाही ‘ई-केवायसी’च म्हणतात. “आम्ही केवायसी कियोस्कवर करून आलो” असं सांगणारी मंडळी मला भेटायची, ती बहुतेक हेच करून आलेली असायची. ते राज्य सरकारच्या नोंदीचं काम आहे. बँकेच्या किंवा कंपनीच्या केवायसीशी त्याचा संबंध नाही.

आता ‘डीम्ड ओव्हीडी’. ओळखीचा कागद आहे, पण त्यावर जुना पत्ता आहे, अशा वेळी फक्त पत्त्यापुरता चालवून घेतलेला हा दुसरा कागद. यात लाइट, पाणी, टेलिफोन, पोस्टपेड मोबाइल किंवा पाइपच्या गॅसचं बिल चालतं. संपत्तीकराची पावती चालते. पत्ता छापलेला असेल तर सरकारी पेन्शनचा पीपीओ चालतो, आणि सरकारी किंवा तशाच मोठ्या संस्थेने कर्मचाऱ्याला दिलेल्या घराचं वाटपपत्रही चालतं.

यातल्या प्रत्येक कागदाला एक अट चिकटलेली आहे आणि पत्र त्याबद्दल गप्प असतं. बिल दोन महिन्यांहून जुनं चालत नाही. दोन महिने मोजायचे ते बिलाच्या तारखेपासून. पैसे कधी भरले याला महत्त्व नाही. गॅसचं बिल म्हटलं की लोक सिलिंडरची पावती आणतात. ती चालत नाही, नळीने येणाऱ्या गॅसचंच बिल चालतं. प्रीपेड मोबाइलच्या रिचार्जचंही तसंच. शिवाय कागद ग्राहकाच्या स्वतःच्या नावाचा हवा. आपल्याकडे घराचं मीटर सासऱ्यांच्या नावावर असतं, कधी ते जाऊन दहा वर्षं झालेली असतात, आणि बिल त्यांच्याच नावाने येत राहतं. ते बिल सुनेच्या पत्त्याचा पुरावा होत नाही.

सगळ्यात महत्त्वाची अट शेवटची. डीम्ड ओव्हीडी हा उसना कागद आहे. तो दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत नवीन पत्त्याचा खरा ओव्हीडी आणून द्यावा लागतो. ही गोष्ट काउंटरवरही पुष्कळदा सांगितली जात नाही. मग तीन महिन्यांनी पुन्हा पत्र येतं आणि माणूस म्हणतो, मी तर सगळं देऊन आलो होतो.

‘स्वसाक्षांकित’ म्हणजे सही तुमचीच

जुन्या पिढीला साक्षांकन म्हटलं की राजपत्रित अधिकारी आठवतो. त्याच्या शिक्क्यासाठी लोक ओळखीपाळखी काढत फिरतात. इथे त्याची गरज नाही. झेरॉक्सवर आपणच सही करायची आणि तारीख घालायची. सोबत मूळ कागद न्यायचा. शाखेचा माणूस मूळ कागद आणि झेरॉक्स शेजारी ठेवून बघतो, झेरॉक्सवर ‘मूळ प्रत पाहिली’ अशा अर्थाचा शिक्का मारून सही करतो आणि मूळ कागद तिथल्या तिथे परत देतो. मूळ कागद ठेवून घ्यायचा नसतो. नुसती झेरॉक्स नेली तर फेरी फुकट जाते, आणि पत्रात नुसतं “प्रत सादर करावी” लिहिलेलं असल्यामुळे लोक नेमकं तेच करतात.

झेरॉक्सवर मजकुराला आडवं “फक्त अमुक संस्थेच्या केवायसीसाठी” असं लिहून ठेवावं, म्हणजे ती प्रत दुसरीकडे वापरणं अवघड होतं. आधार देत असाल आणि त्या खात्यात सरकारी अनुदान घ्यायचं नसेल, तर आधारचा पूर्ण नंबर द्यायचा नाही. तो झाकलेला आहे ना हे बघणं संस्थेचंही काम आहे. myaadhaar.uidai.gov.in वरून ‘मास्क्ड’ आधार उतरवता येतं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसणारे असतात.

एक घर धरून पाहू

समजा, सुलभाताई. वय पासष्टच्या आसपास. लग्न होऊन उज्जैनहून इंदुरात आल्या, आयुष्य रामबागेत गेलं, आता मुलाकडे विजयनगरच्या फ्लॅटमध्ये राहतात. खातं आणि आधार दोन्ही ‘सुलभा श्रीधर देव’ या नावाने आहेत, पण आधारवर पत्ता रामबागेचा. पॅन त्यांनी फार पूर्वी विमा एजन्सीसाठी काढलं होतं, मॅट्रिकच्या मार्कशीटवरून. त्यामुळे त्यावर ‘सुलभा गोविंद पाठक’ आहे. फ्लॅटचं लाइट बिल मुलाच्या नावावर. मतदार कार्डही रामबागेचंच.

पत्र आल्यावर सुलभाताई आधार, पॅन आणि मुलाचं लाइट बिल घेऊन शाखेत जातील, आणि दोन्ही गोष्टींवर अडतील. त्या दोन्ही वेगळ्या आहेत आणि वेगळ्याच सोडवाव्या लागतात.

आधी पत्ता. ओळखीसाठी आधार पुरेसं आहे, नाव खात्याशी जुळतं. पत्त्यापुरतं त्यांनी निवेदन लिहून द्यायचं: मी आता इथे राहते. शाखेने ते घेऊन पडताळणीचं पत्र किंवा माणूस पाठवला तर प्रश्न मिटला. त्या दिवसांत घरी कुणीतरी असायला हवं आणि वॉचमनला सुलभाताईंचं नाव माहीत हवं, कारण “या नावाचं इथे कुणी राहत नाही” एवढं उत्तर गेलं तरी पडताळणी फसते. मुलाचा फ्लॅट असला की हे हमखास घडतं. दारावर मुलाचं नाव, सोसायटीच्या वहीत मुलाचं नाव.

शाखेने कागदच मागितला तर लाइट बिलाचा उपयोग नाही. अशा वेळी आधारवरचा पत्ताच बदलून घेणं बरं. २०२३ च्या जानेवारीपासून कुटुंबप्रमुखाच्या आधारे ऑनलाइन पत्ता बदलता येतो. मुलाला कुटुंबप्रमुख दाखवून अर्ज करायचा. मुलाकडे संमतीची विनंती जाते आणि त्याने तीस दिवसांच्या आत ती मंजूर करायची. अर्ज करून मुलाला सांगायचं राहून गेलं की अर्ज आपोआप रद्द होतो, म्हणून दोघांनी शेजारी बसूनच करावं. आधार बदललं की तीस दिवसांच्या आत संस्थेला कळवायचं हेही ग्राहकाचंच काम आहे.

आता नाव. संस्था पॅनचा नंबर आयकर खात्याच्या नोंदीशी ताडून पाहते. तिथे आडनाव पाठक येतं, खात्यात देव. जुळत नाही. ओव्हीडीवर जुनं नाव असेल तर राज्य सरकारने दिलेलं विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जोडून तो कागद चालतो, असं नियमात स्पष्ट आहे. मंगल कार्यालयाची पावती किंवा गुरुजींनी दिलेला दाखला त्यात येत नाही. पण पॅन मुळात ओव्हीडीच नाही, त्यामुळे ती सवलत त्याला सरळ लागू होत नाही. काही शाखा प्रमाणपत्र पाहून काम पुढे नेतात, पण नोंदीतला फरक राहतोच आणि पुढच्या संस्थेत पुन्हा आडवा येतो. म्हणून पॅनमधलंच नाव दुरुस्त करावं. तो अर्ज प्रोटीन किंवा यूटीआयआयटीएसएल या पॅनचं काम पाहणाऱ्या कंपन्यांमार्फत होतो. नंबर तोच राहतो, नाव बदलतं. सुलभाताईंच्या लग्नाची नोंदणी झालेली नसेल, आणि त्या पिढीत ती बहुधा नसतेच, तर श्रीधररावांना सोबत घेऊन आधी ती करून घ्यावी. हा एक कागद पुढे अनेक ठिकाणी कामाला येतो.

अर्ज करताना एक काळजी घ्यावी. ताडून पाहणं होतं ते इंग्रजी स्पेलिंगवर. हिंदी ओळीत काळ्यांचं ‘काले’ झालेलं असलं तरी त्याने सहसा अडत नाही. पण इंग्रजीत एकीकडे Deo आणि दुसरीकडे Dev असेल, किंवा एकीकडे मधलं नाव आणि दुसरीकडे नाही, तर अडतं. पॅनच्या अर्जात आधारवरचं स्पेलिंग अक्षर न अक्षर तसंच उतरवावं.

पॅन दुरुस्त व्हायला वेळ लागतो. तोवर गप्प बसू नये. शाखेत जाऊन पत्त्याचं निवेदन आणि आधार द्यावं, पॅनच्या अर्जाची पावती दाखवावी आणि जे दिलं त्याची तारखेसह पोच घ्यावी. केवायसी अद्ययावत करताना घेतलेल्या प्रत्येक कागदाची, अगदी साध्या निवेदनाचीही, तारीख घातलेली पोच देणं संस्थेवर बंधनकारक आहे.

तेच पत्र, पुन्हा लिहिलेलं

हे सगळं लक्षात घेतलं तर सुलभाताईंना असं पत्र जायला हवं होतं:

“तुमच्या खात्याचं केवायसी, म्हणजे ओळख आणि पत्त्याची नोंद, नवी करायची वेळ आली आहे. हे काम ____ या तारखेपर्यंत करा. त्यानंतर ____ या तारखेपासून खात्यातून पैसे काढणं थांबू शकतं.

आमच्या नोंदीत तुमचं नाव ____, पत्ता ____ आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे ____ आहेत. तुमचे जुने कागद आजही चालतात / चालत नाहीत.

सगळं बरोबर असेल आणि कागद चालत असतील, तर सोबतच्या चिठ्ठीवर ‘बदल नाही’ लिहा, सही करा आणि पाठवा. शाखेत येऊ नका.

फक्त पत्ता बदलला असेल, तर चिठ्ठीवर नवा पत्ता लिहा. आम्ही दोन महिन्यांच्या आत त्या पत्त्यावर पत्र किंवा माणूस पाठवू.

नाव बदललं असेल किंवा जुने कागद चालत नसतील, तर शाखेत या. येताना आणा: पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार कार्ड, आधार यांपैकी कोणतंही एक, पॅन (नसेल तर फॉर्म ६० आम्ही देऊ), एक फोटो. प्रत्येक कागदाची मूळ प्रत आणि तुमच्या सहीची झेरॉक्स आणा. मूळ प्रत लगेच परत मिळेल. नाव लग्नामुळे बदललं असेल तर विवाह नोंदणीचं सरकारी प्रमाणपत्रही आणा.

ओळखीच्या कागदावर आजचा पत्ता नसेल, तर तुमच्या नावाचं दोन महिन्यांच्या आतलं लाइट, पाणी, फोन किंवा पाइप गॅसचं बिल, किंवा संपत्तीकराची पावती आणा. मग तीन महिन्यांत नव्या पत्त्याचा ओळखीचा कागद आणून द्या.

निघताना तारखेची पोच मागून घ्या. आम्ही फोनवर ओटीपी, पिन किंवा कार्डचा नंबर कधीही विचारत नाही आणि केवायसीसाठी लिंक पाठवून अॅप उतरवायला सांगत नाही.”

पत्र थोडं लांबलं, पण शाखेतली एक फेरी वाचली. शेवटच्या दोन ओळी तर नक्कीच हव्यात. “आज रात्री खातं बंद होईल” असा मेसेज करून लुबाडणाऱ्यांचं फावतं ते खऱ्या पत्रातही मोघम धमकीच असते म्हणून. खऱ्या पत्रात तारीख आणि नोंदीतला तपशील असेल, तर खोटं चटकन ओळखू येईल. कुणी फसलंच तर ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करावा.

दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. हे सगळं रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतल्या बँका आणि वित्त कंपन्यांबद्दल आहे. म्युच्युअल फंड आणि डीमॅटचं केवायसी सेबीच्या नियमांनी, वेगळ्या नोंदणी संस्थांमार्फत चालतं, त्यामुळे एकीकडे झालं म्हणून दुसरीकडे झालं असं धरून चालू नये. आणि आधारच्या ओटीपीने घरबसल्या केवायसी करायचं असेल, तर आधारला जोडलेला आणि खात्यात नोंदवलेला मोबाइल एकच हवा. आई-वडिलांच्या आधारला मुलाचा नंबर आणि खात्याला त्यांचा स्वतःचा असेल, तर हा रस्ता बंद समजावा आणि शाखेतच जावं.

कागद देऊनही संस्था केवायसी पुरं करत नसेल, तर पोचेची प्रत जोडून आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.